चेकचा आकडा एक, नोटिशीतला दुसरा

१९ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कावेरी प्लास्टिक्सच्या प्रकरणात दिलेला निकाल भोसरी, चाकणच्या प्रत्येक लहान कारखानदाराने आणि त्याच्याकडे हिशेब लिहिणाऱ्याने वाचायला हवा. चेक एक कोटी रुपयांचा होता. तो वटला नाही म्हणून नोटीस गेली आणि तिच्यात मागणी झाली दोन कोटींची. पुन्हा नोटीस गेली, तिच्यातही आकडा दोन कोटींचाच होता. टंकलेखनातली चूक आहे, चेक तर समोरच आहे, असे तक्रारदाराचे म्हणणे होते. न्यायालयाने ते मानले नाही. चेकची रक्कम आणि नोटिशीत मागितलेली रक्कम तंतोतंत एकच असली पाहिजे, नसेल तर नोटीसच अवैध, आणि नोटीस अवैध ठरली की तिच्यावर उभी केलेली फौजदारी तक्रारही टिकत नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने ती तक्रार रद्द केली होती आणि सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला.

आपल्या पट्ट्यात चेक न वटण्याची नोटीस ही नेहमीची गोष्ट आहे. प्रेस पार्ट, मशीनिंग, पावडर कोटिंग करणारे युनिट मोठ्या कंपनीच्या पुरवठादाराला माल देते, तो पुढच्या तारखेचा चेक देतो आणि चेक परत येतो. मग मागच्या पार्टीला पाठवलेल्या नोटिशीची फाईल उघडली जाते, नाव आणि आकडे बदलले जातात आणि मसुदा वकिलांकडे सहीला जातो. चुका शिरतात त्या इथेच. नवा आकडा एका जागी बदलतो, दुसऱ्या जागी जुनाच राहतो. वाचणारा मसुदा वरून खाली वाचतो, भाषा ओळखीची असते, डोळा पुढे सरकत जातो. परस्परविरोधी आकडे असे वाचून सापडत नाहीत. त्यासाठी तपासण्याची पद्धतच वेगळी लागते.

ती एका नमुन्यावर पाहू. पुढचा मसुदा समजावण्यापुरता रचलेला आहे, पण त्यातली प्रत्येक चूक नेहमी घडणाऱ्यांपैकी आहे. नोटिशीची तारीख २ जून २०२५. वर पत्ता ‘अबक इंजिनिअर्स, महाळुंगे, पुणे’ असा. मजकूर असा:

परिच्छेद २. माझ्या अशिलांनी आपणास बिल क्र. २४-२५/२८७ दि. १४/०१/२०२५, २४-२५/२९९ दि. ०३/०२/२०२५ आणि २४-२५/३११ दि. १८/०४/२०२५ अन्वये एकूण ₹४,७२,००० चा माल पुरवला.

परिच्छेद ३. त्यापोटी आपण दि. ०३/०३/२०२५ चा चेक क्र. ००४५१२, रक्कम ₹४,७२,००० (अक्षरी रुपये चार लाख सत्तावीस हजार फक्त) दिला.

परिच्छेद ४. सदर चेक ‘पुरेशी शिल्लक नाही’ या शेऱ्याने दि. ०५/०७/२०२५ रोजी परत आला.

परिच्छेद ५. आपल्याकडून आजअखेर ₹६,१३,६०० येणे आहे.

परिच्छेद ६. तरी ही नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत वरील रक्कम ₹६,१३,६०० द्यावी.

परिच्छेद ७. नोटिशीच्या तारखेपासून ७ दिवसांत रक्कम न मिळाल्यास परिच्छेद २ मधील चेकबाबत परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ चे कलम १३८ आणि भा.दं.वि. कलम ४२० अन्वये कारवाई करण्यात येईल.

सुरुवात मसुद्यापासून करू नका. मसुदा उलटा ठेवा आणि आधी टेबलावर मूळ कागद मांडा: चेकची दोन्ही बाजूंची प्रत, बँकेचा परतीचा मेमो, बिले, खतावणीचा उतारा आणि खरेदी आदेश, म्हणजे पीओ. या कागदांवरून एका कोऱ्या पानावर चेकचा क्रमांक, तारीख, अंकी आणि अक्षरी रक्कम, चेकवरचा शिक्का, मेमोची तारीख, मेमो आपल्या हाती आल्याची तारीख, प्रत्येक बिलाचा क्रमांक, तारीख आणि रक्कम उतरवा. हे पान मसुदा बघून भरले तर मसुद्यातली चूक पानावर येते आणि मग दोन्ही जुळतात. म्हणून ते शक्यतो मसुदा न लिहिणाऱ्या माणसाने भरावे. त्यानंतर मसुदा छापून घ्या, त्यातल्या प्रत्येक आकड्याभोवती, नावाभोवती आणि कलमाभोवती गोल काढा. एकाने पानावरचे वाचायचे, दुसऱ्याने मसुद्यात बोट ठेवायचे. ज्या गोलाला पानावर जोडीदार सापडत नाही, तो आधी थांबवायचा.

आता रक्कम. मागणीच्या परिच्छेदातला आकडा हा या नोटिशीचा प्राण आहे. कलम १३८ च्या परंतुकात चेकची ‘सदर रक्कम’ मागायला सांगितले आहे. खतावणीतली येणे बाकी मागायला सांगितलेले नाही. नमुन्यात चेक ४,७२,००० चा, मागणी ६,१३,६०० ची. फरक १,४१,६०० चा आहे आणि खतावणी पाहिली की तो कुठून आला ते लगेच कळते: चौथे एक बिल आहे, १,२०,००० अधिक १८ टक्के जीएसटी. ते बिल खरेच येणे आहे, पण त्यासाठी हा चेक दिलेला नव्हता. राहुल बिल्डर्सच्या २००७ च्या निकालात नेमके हेच घडले होते. चेक एक लाखाचा होता आणि नोटिशीत थकलेल्या बिलांची आठ लाखांहून अधिक रक्कम मागितली होती. ती नोटीस टिकली नाही. याउलट सुमन सेठी प्रकरणात, २००० साली, चेकची रक्कम स्पष्ट वेगळी लिहून तिच्याशिवाय बँकेचा आणि नोटिशीचा खर्च वेगळा मागितला होता. ती नोटीस टिकली, कारण वाचणाऱ्याला चेकची रक्कम कोणती हे नक्की कळत होते.

तेव्हा परिच्छेद ६ मध्ये एकच आकडा राहू द्या: चेक क्र. ००४५१२ ची रक्कम ₹४,७२,०००. व्याज किंवा खर्च मागायचा असेल तर पुढे स्वतंत्र वाक्यात, स्वतंत्र आकड्याने. चौथे बिल या नोटिशीतून काढून टाका, त्यासाठी वेगळे पत्र लिहा. सगळी येणे बाकी एकाच कागदात मांडण्याचा मोह मी समजू शकतो, कारण मालकाच्या दृष्टीने ते एकच थकलेले पैसे असतात. पण फौजदारी नोटिशीत तो मोह महागात पडतो.

अक्षरी रकमेकडे पुन्हा पाहा. अंकात चार लाख बहात्तर हजार, अक्षरात चार लाख सत्तावीस हजार. प्रत्यक्ष चेकवर अंक आणि अक्षरे जुळत नसतील तर अक्षरी रक्कम धरावी, असे त्याच कायद्याचे कलम १८ सांगते. नोटिशीला मात्र असा आधार नाही, तिथे समोरच्या वकिलाला हवा तो आकडा धरून बोलायला वाव मिळतो. अशी अदलाबदल ओळखण्याची हिशेबनिसांची जुनी युक्ती इथे कामी येते. दोन आकड्यांतला फरक काढा: ४५,०००. त्याला नऊने पूर्ण भाग जातो. शेजारचे दोन अंक उलटे पडले की फरक नेहमी नऊच्या पटीत येतो. नऊने भाग गेला म्हणजे अंक उलटेच पडलेत असे मात्र समजू नका, तो फक्त कुठे पाहायचे ते सांगतो. बिलांची बेरीजही हाताने करा. नमुन्यातली बिले १,७७,०००, १,१८,००० आणि १,७७,००० अशी आहेत. बेरीज ४,७२,००० येते, म्हणजे अंकी रक्कम बरोबर आणि अक्षरी चुकलेली.

रकमेबाबत आणखी एक विरोध मसुद्यात दिसत नाही, तो खतावणीत लपलेला असतो. चेक दिल्यानंतर आणि बँकेत टाकण्याआधी पार्टीने काही पैसे एनईएफटीने पाठवले आहेत का, हे पाहा. दशरथभाई पटेल प्रकरणात ११ ऑक्टोबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की अशी रक्कम आली असेल तर ती कलम ५६ प्रमाणे चेकवर नोंदवून उरलेल्या रकमेसाठीच चेक वटवायला टाकायला हवा. तसे न करता पूर्ण रकमेला चेक टाकला आणि तो परत आला, तर कलम १३८ लागू होत नाही. अशा वेळी नोटिशीतला आकडा कितीही नीट जुळवला तरी उपयोग नाही. चेक वटवायच्या तारखेला देणे तेवढे उरलेलेच नव्हते. म्हणून खतावणीच्या उताऱ्यात चेकची तारीख आणि चेक टाकल्याची तारीख यांच्या मधल्या सगळ्या जमा नोंदी वाचा. या तपासात कमीपणा वाटून घेऊ नका. पार्टी पाच-दहा हजार टाकत राहते आणि ते कारखान्यात कुणाला आठवतही नाही, असे फार वेळा होते.

तारखांकडे वळू. परिच्छेद ४ मध्ये ०५/०७/२०२५ असे लिहिले आहे. आपल्या पद्धतीने तो दिवस ५ जुलै होतो आणि नोटीस आहे २ जूनची. न उजाडलेल्या दिवशी चेक परत कसा येईल? मेमो काढून पाहिला तर ७ मे २०२५. एक्सेलमध्ये महिना आधी लिहिण्याची पद्धत लागली असेल तर दिवस आणि महिना असे आपोआप उलटतात, आणि दिवस बारापर्यंतचा असेल तर ते पटकन ध्यानातही येत नाही. नोटिशीत महिना अक्षरात लिहिण्याचा नियमच करा: ७ मे २०२५. मग उलटापालट होऊच शकत नाही.

तिसरे बिल पाहा. क्रमांक २४-२५/३११, तारीख १८ एप्रिल २०२५. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपले, त्यामुळे एप्रिलच्या बिलाला २५-२६ ची मालिका हवी. शिवाय ३ मार्चचा चेक एप्रिलच्या बिलापोटी दिला असे नोटीस म्हणते आहे. मूळ बिलावर १८ फेब्रुवारी आहे, मसुद्यात महिना चुकला. पण समजा बिल खरोखरच चेकनंतरचे निघाले असते, तर फक्त तारीख दुरुस्त करून भागले नसते. चेक आगाऊ दिला होता की तारणापोटी, हे मालकाला विचारून ‘त्यापोटी’ हे वाक्यच बदलावे लागले असते. तारखांमधला विरोध कधी टंकलेखनाचा असतो, कधी व्यवहार आपण समजतो तसा झालेला नसतो. दुसऱ्या प्रकारचा विरोध गुपचूप ‘नीट’ करून टाकणे सर्वांत धोक्याचे, कारण उलटतपासणीत तोच पहिला प्रश्न होतो.

मग मुदती मोजा, कारण तारखा एकमेकींशी जुळल्या तरी कायद्याशी जुळतीलच असे नाही. चेक न वटल्याची माहिती बँकेकडून मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस द्यावी लागते. पूर्वी ही मुदत १५ दिवसांची होती, २००२ च्या दुरुस्तीने ती वाढली. फार जुने नमुने वापरत असाल तर हा आकडाही तपासा. आपल्या नमुन्यात मेमो ७ मेचा आहे, कारखान्याच्या हाती ९ मेला आला. पहिला दिवस सोडून मोजले तर ९ मेपासूनचे ३० दिवस ८ जूनला संपतात, आणि त्या दिवशी रविवार आहे. हाती आल्याची तारीख सिद्ध करण्याचा वाद नको असेल तर मेमोच्याच तारखेपासून मोजा: ६ जून, शुक्रवार. नोटीस त्याआधी पोस्टात पडली पाहिजे.

परिच्छेद ६ मध्ये नोटीस मिळाल्यापासून १५ दिवस, परिच्छेद ७ मध्ये नोटिशीच्या तारखेपासून ७ दिवस. कायदा चेक देणाऱ्याला नोटीस मिळाल्यापासून १५ दिवस देतो. सात दिवसांचे वाक्य बहुधा वसुलीच्या साध्या पत्रातून चिकटलेले आहे. ते नुसते विसंगत नाही, त्याच्या भरवशावर कुणी घाईने तक्रार दाखल केली तर तीही अडचणीत येते. १५ दिवस संपण्याआधी दाखल केलेली तक्रार चालत नाही, हे योगेंद्र प्रताप सिंग प्रकरणात २०१४ साली ठरले आहे. नमुन्यातली नोटीस समोरच्याला १० जूनला मिळाली तर त्याची मुदत २५ जूनपर्यंत चालते, आणि तिथून पुढे एका महिन्यात तक्रार करायची असते.

नावांत बहुतेक लोक स्पेलिंग तपासतात, पण खरा प्रश्न असतो तो कोण हा. चेकवर शिक्का आहे ‘अबक इंजिनिअरिंग प्रा. लि. करिता, संचालक’. नोटीस गेली ‘अबक इंजिनिअर्स’ला. एक कंपनी आहे, दुसरी त्याच कुटुंबातली मालकी पेढी असू शकते, दोघांचे पत्ते एकाच गाळ्यात असू शकतात. चेक ज्या खात्याचा, त्या खातेदाराला नोटीस हवी. कंपनी असेल तर तक्रारीत कंपनीला आरोपी करावेच लागते, हे अनीता हाडा निकालात २०१२ साली स्पष्ट झाले, आणि त्याची पायाभरणी नोटिशीत होते. मालकी पेढी असेल तर पेढीच्या नावापुढे मालकाचे नाव लिहावे. खात्री करण्यासाठी चेकवरचा शिक्का, बिलावरचा जीएसटी क्रमांक आणि पीओवरचे नाव ही तिन्ही एकत्र ठेवा. तिन्ही जुळत नसतील तर आधी मालकाशी बोला, मग मसुद्याला हात लावा.

पत्ता आपल्या भागात विशेष बघावा लागतो. नुसते ‘महाळुंगे, पुणे’ लिहिले तर चाकणजवळचे, खेड तालुक्यातले महाळुंगे इंगळे की बालेवाडीशेजारचे, मुळशी तालुक्यातले महाळुंगे पाडळे? पिन कोड पहिल्याला ४१०५०१ असा चाकणचा हवा. गावाचे नाव एक आणि पिन दुसऱ्याचा, असा विरोध मसुद्यात असेल तर पाकीट फिरून परत येते. नोंदणीकृत कार्यालय आणि कारखाना वेगवेगळ्या ठिकाणी असतील तर दोन्हीकडे पाठवा आणि दोन्ही पत्ते नोटिशीवर लिहा, म्हणजे पोस्टाची पावती आणि नोटीस जुळतील. जुन्या नमुन्यावर ‘रजिस्टर्ड ए.डी.ने’ असे छापलेले असते. २०२५ मध्ये ती सेवा स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली आहे, त्यामुळे आता ती ओळ पावतीशी जुळत नाही.

कलमांचे थोडक्यात. परिच्छेद ७ म्हणतो ‘परिच्छेद २ मधील चेक’, पण चेक तर तिसऱ्यात आहे. वर परिचयाचा एक परिच्छेद वाढला आणि खालचे संदर्भ तसेच राहिले. शक्य तिथे परिच्छेदाचा क्रमांक टाळून थेट ‘चेक क्र. ००४५१२’ लिहा. पीओतल्या अटीचा क्रमांक दिला असेल तर पीओची शेवटची सुधारित प्रत काढून पाहा, सुधारणेत अटींचे क्रमांक बदलतात. आणि भा.दं.वि. ४२० चा उल्लेख २०२५ च्या व्यवहाराला लागू पडत नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तिथे फसवणुकीचे कलम ३१८ आहे. माझे मत विचाराल तर चेकच्या नोटिशीत फसवणुकीचा आरोप वस्तुस्थिती तशी असल्याशिवाय घालूच नये.

दुरुस्त्या झाल्यावर संगणकावर एक शेवटची फेरी करा. Ctrl+F दाबून मागच्या पार्टीचे नाव शोधा, मागच्या चेकचा क्रमांक शोधा, मग या चेकची रक्कम शोधा आणि ती जितक्या जागी यायला हवी तितक्याच जागी आली का ते मोजा. रक्कम एकदा देवनागरी आणि एकदा इंग्रजी अंकांत शोधावी लागते, कारण एका लिपीत शोधताना दुसऱ्या लिपीतला आकडा हाती लागत नाही. स्वल्पविराम असलेला आकडा स्वल्पविरामाशिवाय शोधला तरी तेच होते. दुरुस्त मसुद्याची नवी छापील प्रत काढूनच सही घ्या, जुन्या प्रतीवर पेनाने दुरुस्ती करून नको.

नोटीस गेल्यावर चूक सापडली तर आधी मुदत पाहा. ३० दिवसांची मुदत संपलेली नसेल तर वकिलांशी बोलून आधीची नोटीस मागे घेतल्याचे लिहून दुरुस्त नोटीस लगेच पाठवता येते. चेकची मुदत शिल्लक असेल तर तो पुन्हा बँकेत टाकून, पुन्हा परत आल्यास नव्याने नोटीस देण्याचा मार्गही आहे. एमएसआर लेदर्सच्या २०१२ च्या निकालाने तो मोकळा केला. पण रिझर्व्ह बँकेच्या नियमाने चेक तारखेपासून तीनच महिने चालतो. नमुन्यातला ३ मार्चचा चेक जूनच्या पहिल्या तीन दिवसांतच मुदतबाह्य होतो, आणि मसुदा तर २ जूनचा आहे. म्हणजे इथे दुसरी संधी जवळजवळ नाहीच. दोन्ही मार्ग बंद झाले तर दिवाणी दावा किंवा सूक्ष्म व लघु उद्योगांसाठीची सुविधा परिषद एवढेच उरते. पैसे तिथेही मागता येतात, कलम १३८ चा धाक मात्र राहत नाही.

म्हणून वकिलांना सहीसाठी नुसता मसुदा पाठवू नका. त्यासोबत चेकची दोन्ही बाजूंची प्रत, बँकेचा मेमो आणि कागदांवरून भरलेले ते एक पान जोडा, आणि मेमो हाती येताच, मुदतीचा शेवटचा आठवडा उजाडण्याआधी पाठवा.